बारा वर्षांचं मूल, घरातला मोबाइल आणि न्याय

गेल्या महिन्यात एका शाळेने सातवीच्या पालकांची सभा बोलावली होती. मुलांनी मोबाइल किती आणि कसा वापरावा, याचे नियम घरात कसे ठरवायचे, या विषयावर आम्ही तिथे बोललो. त्यातले मुख्य मुद्दे या संपादकीयात देत आहोत. आमचे बहुतेक वाचक अजून पालक झालेले नाहीत, तरीही हे मुद्दे त्यांच्यासाठीच आहेत. एक तर अनेक घरांत फोनची सेटिंग अम्मी-अब्बूंना येत नाही, ती मोठ्या भावाला किंवा आपाला येते. बारा वर्षांच्या भावंडाच्या हातातल्या फोनवर काय चालेल, हे प्रत्यक्षात तुम्हीच ठरवत असता. दुसरं म्हणजे तुमच्यापैकी कितीतरी मुलींनी घरातल्या मोबाइलच्या नियमांचा अन्याय स्वतः सोसला आहे. तो धाकट्या बहिणीच्या वाट्याला येऊ नये, यासाठी बोलण्याची हीच वेळ आहे.

सभेत पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दिवसाला किती वेळ मोबाइल द्यायचा? त्यांना एक आकडा हवा असतो. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या देशातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पालकांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्यांत दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन देऊच नये, दोन ते पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास द्यावा आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांपेक्षा कमी द्यावा, असं म्हटलं आहे. दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी मात्र त्यांनी आकडा दिलेला नाही. तिथे त्यांनी एक कसोटी दिली आहे. दिवसात एक तास मैदानी खेळ, आठ ते नऊ तास झोप, अभ्यास, जेवण, छंद, मित्र आणि घरच्यांसोबतचा वेळ, या गोष्टी झाल्या पाहिजेत. मोबाइलमुळे यातली एखादी गोष्ट मागे पडत असेल, तर मोबाइल कमी करायचा.

ही कसोटी पालकांना सुरुवातीला गुळगुळीत वाटते. आकडा सोपा असतो, तो घड्याळात दिसतो. पण बारा वर्षांच्या मुलाशी आकड्यावरून वाद घातला की तो वाद संपत नाही. "माझ्या मित्राला दोन तास मिळतात, मला एकच का?" याला पालकांकडे "आम्ही म्हणतो म्हणून" याशिवाय उत्तर नसतं. दिवसाचा हिशेब मांडला की उत्तर कागदावरच दिसतं. म्हणून आम्ही सभेत फळ्यावर एका घराचा हिशेब मांडून दाखवला.

एक घर धरू या. सातवीतला मुलगा, नववीतली त्याची बहीण, अम्मी आणि अब्बू. घरात दोन फोन आहेत. अब्बूंचा फोन त्यांच्याबरोबर कामावर जातो आणि अब्बू रात्री साडेआठला परततात. अम्मीचा फोन घरी असतो आणि दोन्ही मुलं तोच वापरतात. शाळा सकाळची आहे. मुलगा साडेसहाला उठतो, सातला निघतो, दुपारी एकला परततो. बारा वर्षांच्या मुलाला किमान नऊ तास झोप हवी, तेव्हा त्याने रात्री साडेनऊला झोपायला हवं. आता वेळ मोजू. झोप ९ तास, जाण्यायेण्यासह शाळा ६ तास, सकाळची तयारी अर्धा तास, दोन्ही जेवणं आणि आंघोळ दीड तास, अरबीची शिकवणी १ तास, अभ्यास २ तास, खेळ १ तास. एकूण २१ तास झाले. हातात ३ तास उरले.

पालकांना वाटतं, म्हणजे तीन तास मोबाइल द्यायचा का? नाही. या तीन तासांत घरकाम आहे, चित्रं काढणं आहे, आजीशी गप्पा आहेत, नुसतं गॅलरीत उभं राहणं आहे. आम्ही एक साधं सूत्र सुचवलं: घरकाम वजा करून जो वेळ उरेल, त्याच्या निम्म्याहून जास्त वेळ स्क्रीनला द्यायचा नाही. हे काही तज्ज्ञांचं वचन नाही, घरात वाटणी करण्याची एक सोय आहे. सुटीच्या दिवशी शाळेचे सहा तास मोकळे होतात, तेव्हा हिशेब पुन्हा मांडायचा. महत्त्वाचं हे की मुलाला हा कागद समोर बसवून दाखवायचा आणि बेरीज त्यालाच करायला लावायची. सातवीतल्या मुलाला एवढं गणित येतं. स्वतः केलेल्या बेरजेशी भांडणं त्याला अवघड जातं.

यानंतर आम्ही फळ्यावर दुसरा रकाना काढला, नववीतल्या बहिणीचा. झोप, शाळा, जेवण, शिकवणी, अभ्यास, खेळ हे सगळं तसंच लिहिलं. मग पालकांना विचारलं, घरकामासमोर काय लिहायचं? बहिणीच्या रकान्यात भांडी, झाडलोट आणि संध्याकाळच्या भाकऱ्या मिळून दोन तास झाले. भावाच्या रकान्यात शून्य. म्हणजे भावाकडे तीन तास उरतात आणि बहिणीकडे एक. निम्म्याच्या सूत्राने भावाला दीड तास मोबाइल मिळतो, तिला अर्धा तास. मोबाइलचा नियम दोघांना अगदी सारखा लावला, तरी तो अन्यायाचाच ठरला, कारण अन्याय मोबाइलच्या आधी भांड्यांच्या ढिगात होता.

यावरचा उपाय बहिणीला सूट देऊन मोबाइलचा वेळ वाढवणं हा नाही. तसं केलं तर तिची झोप किंवा खेळ कापला जाईल. उपाय आहे दोन तासांचं काम दोघांत वाटणं. दोघांनाही एकेक तास काम आलं, की दोघांकडे दोन तास उरतात आणि दोघांनाही एकेक तास मोबाइल मिळतो. नववीतल्या मुलीला अभ्यास जास्त असेल, तर तेवढा वेळ तिच्या रकान्यातून वजा होईल. पण ते कारण मोठ्याने सांगता येतं आणि दोन वर्षांनी ते भावालाही लागू होणार असतं. "ती मुलगी आहे" हे कारण असं सांगता येत नाही. नियम न्याय्य आहे का हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. नियम कागदावर लिहा आणि त्यात मुलाच्या जागी मुलीचं नाव घाला. वाक्य वाचायला अवघड वाटलं, तर नियम बदलायला हवा.

हा काल्पनिक अन्याय नाही. 'असर' या २०२३ च्या सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींना स्मार्टफोनबद्दल विचारलं गेलं. ज्यांना तो वापरता येतो, त्यांच्यात स्वतःचा फोन असलेल्या मुलांचं प्रमाण मुलींच्या दुपटीहून जास्त निघालं. हा फरक चौदाव्या वर्षी अचानक तयार होत नाही. बाराव्या वर्षी अम्मीचा फोन कोण आधी उचलतो आणि कोणाला "तुला कशाला हवा?" असं विचारलं जातं, तिथे त्याची सुरुवात होते. पुढे ऑनलाइन फॉर्म भरणं, शिष्यवृत्तीची माहिती काढणं, परीक्षेचं हॉलतिकीट उतरवून घेणं यासाठी मुलीला भावाची विनवणी करावी लागते, ती याच सवयीतून.

एका फोनवर दोन मुलं असली, की वेळ ठरवून घ्यावी लागते. आमच्या फळ्यावरच्या घरात दुपारी २ ते ३ भावाची वेळ आणि ४.३० ते ५.३० बहिणीची वेळ ठरली. पुढच्या आठवड्यात अदलाबदल. उरलेल्या वेळी फोन अम्मीचा. हेही लिहून ठेवावं लागतं, कारण अनेक घरांत अम्मीचा फोन हा 'सगळ्यांचा' फोन होतो आणि तिला स्वतःच्या बहिणीशी बोलायलाही मुलांची खेळी संपण्याची वाट पाहावी लागते.

आता नियम मोडण्याबद्दल. घरात भांडण होतं ते बहुतेक वेळा सुरू करताना नाही, थांबवताना होतं. याची दोन कारणं आहेत. छोट्या व्हिडिओंना शेवट नसतो, एक संपला की बोटाखाली दुसरा तयार असतो. मुलाला थांबण्याची जागाच दिसत नाही. खेळात उलट आहे. तिथे शेवट असतो, पण तो आपल्या घड्याळाशी जुळत नाही. इतरांबरोबर चाललेला डाव पंधरा-वीस मिनिटांचा असतो आणि मध्येच फोन काढून घेतला, तर संघातली मुलं त्याला दुसऱ्या दिवशी वर्गात बोल लावतात. पालकांना तो हट्ट वाटतो, मुलाला ती बेइज्जती वाटते. म्हणून खेळासाठी नियम असा हवा: वेळ संपायला वीस मिनिटं उरली, की नवा डाव सुरू करायचा नाही. आणि व्हिडिओंसाठी: काय बघायचं ते आधी ठरवायचं, ते शोधायचं, बघायचं, संपलं की बंद. यूट्यूबवर Autoplay बंद करता येतं. त्यामुळे मोठे व्हिडिओ आपोआप पुढे सरकत नाहीत, पण बोटाने वर सरकवायच्या छोट्या व्हिडिओंना त्याचा उपयोग नाही. तिथे घड्याळाचा गजर लावावा.

एवढं करूनही मुलगा वीस मिनिटं जास्त बसला, तर काय करायचं? सभेत पालकांची उत्तरं होती: फोन हिसकावणं, आठवडाभर बंदी, दोन चापट्या. आम्ही सुचवलं, आज वीस मिनिटं जास्त घेतली, तर उद्या वीस मिनिटं कमी. त्याहून जास्त काही नाही. शिक्षा चुकीएवढीच असली, की मुलाला हिशेब कळतो. आठवडाभर बंदी घातली, की तो हिशेब सोडून देतो आणि फोन चोरून घेण्याच्या युक्त्या शोधतो. नाहीतरी सगळं गेलंच आहे. तसंच गणितात गुण कमी पडले म्हणून मोबाइल काढून घेऊ नये. गुणांचं कारण झोप किंवा अभ्यासाचा वेळ कमी पडणं हे असेल, तर दिवसाच्या कागदावर ते दिसेल आणि तिथेच दुरुस्त होईल. नसेल, तर मोबाइल काढून गणित येणार नाही.

शाळेच्या कामासाठी लागणारा फोन हा या हिशेबातला नेहमीचा फट आहे. वर्गाच्या गटावर गृहपाठाचा फोटो येतो, मुलगा तो बघायला फोन घेतो आणि अर्ध्या तासाने दुसऱ्याच ठिकाणी सापडतो. सातवीच्या मुलाचं व्हॉट्सअ‍ॅपवर सहसा स्वतःचं खातं नसतं, गट पालकांच्या नंबरवरच असतो. घरी यावर उपाय असा की गृहपाठ वहीत उतरवून घ्यायचा आणि फोन परत द्यायचा, अभ्यास वहीवरून करायचा. पण अर्धी जबाबदारी शाळेची आहे. आम्ही सभेतच शिक्षकांना दोन विनंत्या केल्या: गृहपाठ शक्यतो वर्गातच वहीत लिहून द्यावा आणि गटावर टाकायचा असेल, तर संध्याकाळी सहाच्या आत टाकावा. रात्री नऊला गृहपाठ आला, की घरातला कोणताही नियम टिकत नाही.

तांत्रिक बाजूचं थोडं, कारण हे काम तुमच्याकडे येणार आहे. गूगलचं Family Link हे अ‍ॅप मुलाचा स्वतंत्र फोन आणि स्वतंत्र खातं असेल, तेव्हा चांगलं चालतं. त्यात रोजची मर्यादा आणि रात्रीची बंद वेळ लावता येते, नवं अ‍ॅप घ्यायला पालकांची परवानगी लागते. पण आपल्या बहुतेक घरांत मूल अम्मीच्या फोनवर अम्मीच्याच खात्यातून सगळं बघतं, तिथे त्याचा फारसा उपयोग नाही. अँड्रॉइड फोनच्या Settings मध्ये App pinning असं शोधा. ते सुरू करून एखादं अ‍ॅप अडकवून ठेवलं, की मुलाला त्याबाहेर जाता येत नाही. बाहेर पडताना पिन विचारण्याची सोयही त्यातच चालू करून ठेवा. अम्मीचे निरोप, फोटो आणि पैशांचं अ‍ॅप त्यामुळे बंद राहतं. मात्र ही कुलपं मुलाला सांगून लावा. गुपचूप लावलेलं कुलूप सापडलं, की मूल ते उघडण्याचा खेळ सुरू करतं.

यानंतरचा नियम आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. तो मुलांसाठी नाही, पालकांसाठी आहे: मुलाने किंवा मुलीने मोबाइलवर घडलेली कोणतीही वाईट गोष्ट सांगितली, तर सांगितल्याबद्दल मोबाइल जाणार नाही आणि मार बसणार नाही. अनोळखी माणसाने फोटो मागितला, खेळातल्या मित्राने धमकी दिली, नको ते दृश्य समोर आलं, चुकून पैसे गेले, काहीही असो. बारा वर्षांचं मूल अशा वेळी एकच विचार करतं: हे सांगितलं तर माझं काय होईल? उत्तर "मोबाइल जाईल" असं असेल, तर ते सांगत नाही. धमकावणारा माणूस नेमकं याच भीतीवर जगतो. "तुझ्या घरी सांगेन" हे त्याचं हत्यार असतं. घरी आधीच सांगता येत असेल, तर ते हत्यार बोथट होतं.

मुलींच्या बाबतीत ही भीती दुप्पट असते. आपल्या समाजात, आणि फक्त आपल्याच नाही, मुलीला कोणी ऑनलाइन छळलं, तर पहिला निर्णय मुलीचा फोन काढून घेण्याचा होतो. पुढे शिकवणी बंद होते, कधी शाळाही. छळणारा तसाच मोकळा राहतो. मुलगी हे मोठ्या बहिणीच्या बाबतीत बघते आणि स्वतःच्या वेळी गप्प बसते. म्हणून हा नियम बोलून सोडायचा नाही, कागदावर पहिल्या ओळीत लिहायचा आणि अब्बूंनी त्याखाली सही करायची. प्रसंग आलाच, तर संदेश आणि फोटो पुसू नका, त्यांचे स्क्रीनशॉट घ्या, त्या माणसाला उत्तर देऊ नका. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. ऑनलाइन पैसे गेले तर १९३० वर लगेच फोन करा. सायबर गुन्ह्याची तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवता येते.

शेवटी मोठ्यांचा हिस्सा. रात्री साडेआठला घरातले सगळे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लागतील, असा नियम असेल, तर त्यात अब्बूंचाही फोन आला आणि तुमचाही. काहींना ते जमणार नाही. रात्रपाळीचं काम असतं, गावाकडे कोणी आजारी असतं. मग कारण मुलांसमोर सांगा आणि तेवढ्यापुरतंच वापरा. जेवताना बातम्या सरकवत बसणाऱ्या बापाने मुलाला थांबायला सांगितलं, तर मुलाला नियम कळत नाही, फक्त कोणाची ताकद जास्त आहे तेवढं कळतं.

नियम कायमचे नसतात हेही आधीच सांगायला हवं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांनी कागद घेऊन बसायचं. परीक्षा आली, उन्हाळी सुटी लागली, रमजानमध्ये सहरीसाठी पहाटे उठणं सुरू झालं, की झोपेचे तास हलतात आणि हिशेब बदलतो. महिनाभर नियम नीट पाळला, तर तेराव्या वर्षी काय वाढेल, हे मुलाला माहीत असू द्या. बिघडतंय हे कसं ओळखायचं? मिनिटं मोजत बसू नका. सकाळी उठवताना रोज झगडा होतो का, खेळायला बोलावणारे मित्र परत जातात का, तुम्ही खोलीत आलात की फोन पालथा होतो का, एवढं पाहा. पहिल्या दोन गोष्टी दिसल्या, तर वेळ कमी करा. तिसरी दिसली, तर वेळ कमी करण्याआधी शेजारी बसून विचारा, आणि विचारताना पहिल्या ओळीतल्या वचनाची आठवण करून द्या.

मित्रांनो, तुमच्या घरात सातवी-आठवीतलं भावंड असेल, तर येत्या रविवारी कागदावर दोन रकाने काढा, एक भावाचा, एक बहिणीचा. धाकटं एकच असेल, तर दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव घाला. घरकामाची ओळ सगळ्यांत आधी भरा.